एक्स-रेतला जुना डाग



ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयाला व्हिसाच्या अर्जाबरोबर क्षयरोग नसल्याचा दाखला लावावा लागतो. तो देवळाली प्रवरेच्या किंवा राहुरीच्या डॉक्टरचा चालत नाही. ब्रिटन सरकारने मान्य केलेल्या यादीतल्याच दवाखान्यात जावं लागतं, म्हणजे आपल्याला पुणे-मुंबई. आपले डॉक्टर कमी पडतात असं नाही. पासपोर्टवरचा माणूस आणि एक्स-रेच्या फिल्मवरची छाती एकाचीच, याची हमी त्या सरकारला हवी असते. कॅनडासारखे देश रक्त-लघवीही पाहतात. ब्रिटनचा सगळा रोख छातीवर.

आता समजा, तुमच्या घरचा मुलगा १० जूनला तपासणीसाठी पुण्याला गेला. ब्रिटनमधल्या विद्यापीठाचे वर्ग २० सप्टेंबरला सुरू होणार. त्याला ना खोकला, ना ताप. पण उजव्या फुप्फुसाच्या टोकाला पांढरट रेघा दिसल्या. लहानपणी त्याला ‘कॉक्स’ झाला होता. आपल्याकडे डॉक्टर क्षयाचं नाव सहसा रोगजंतू शोधणाऱ्या कॉखच्या नावाआडून घेतात. औषधाचा कोर्स पूर्ण झाला, आजार गेला, व्रण राहिला. फिल्म मात्र व्रण जुना की जिवंत, हे एका नजरेत सांगत नाही. म्हणून थुंकी तपासतात.

लागोपाठ तीन सकाळी तीन नमुने, दवाखान्यातल्या माणसासमोर. गावाहून रोज जाणं-येणं जमणार नाही, मुक्कामच करावा लागतो. तोंडातली लाळ उपयोगाची नाही, छातीतून खोल खाकरून आलेलाच बेडका हवा. मग तो प्रयोगशाळेत वाढवत ठेवतात. साधे जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळपास एक दिवस लागतो. म्हणून ‘काही उगवलं नाही’ असं ठामपणे म्हणायला आठ आठवडे जाऊ शकतात. इथे ओळख, वशिला, जादा फी, काही चालत नाही. जंतूला घाई करता येत नाही.

१० जूनचा मुलगा ऑगस्टच्या मध्यावर मोकळा होतो आणि व्हिसाला साधारण तीन आठवडे धरले तरी वर्ग गाठतो. तोच १५ जुलैला गेला असता तर निकालालाच सप्टेंबरचा मध्य उजाडला असता. नमुन्यात दुसरेच जिवाणू माजले तर पुन्हा पहिल्यापासून.

दाखला सहा महिने चालतो, त्यामुळे फार आधी जाऊनही भागत नाही. जुना व्रण माहीत असेल तर मे महिना बरा. माळ्यावरची जुनी फिल्म आणि उपचाराचे कागद सोबत न्या. त्याने थुंकी टळेलच असं नाही, पण वाचणाऱ्याला तुलना करता येते. आणि खोकला आहे म्हणून तपासणीआधी दुकानातून लिव्होफ्लॉक्सासिन आणून घेऊ नका. त्याने क्षयाचा जंतू काही काळ दबतो आणि खरा आजार असेल तर तो परदेशी वसतिगृहात डोकं वर काढतो.

जंतू उगवलाच, तर निदान सहा महिने औषध, मग पुन्हा तपासणी. तेव्हा सप्टेंबर सोडायचा आणि विद्यापीठाला पत्र लिहून पुढची तुकडी मागायची.