नोंदवही कोरी ठेवणारा कुशल कर्मचारी
(भाषण)

भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखात पावसाळ्यात पाण्याला तोटा नसतो; उन्हाळ्यात मात्र वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. येथे नळपाणी योजना चालविणारा माणूस किती मोलाचा असतो, हे सभेतील सरपंच मंडळींना सांगावयास नको. अशाच एका कर्मचाऱ्याच्या कार्यमूल्यमापनाचा प्रश्न आज विचारासाठी घेतला आहे. उदाहरण कल्पित आहे, पण ते आपल्याच गावचे आहे असे अनेकांना वाटेल.

नदीकाठच्या विहिरीवर १५ अश्वशक्तीचा पंप आहे. तेथून पाणी डोंगरावरील टाकीत चढते आणि टाकीतून पाच वाड्यांना जाते. एक यांत्रिकी कर्मचारी १२ वर्षे ही योजना सांभाळतो. मोटारीचा आवाज ऐकून तो दोष सांगतो, जुन्या सुट्या भागांतून पंप उभा करतो. मात्र नोंदवही कोरी आहे. कोणत्या वाडीचा व्हॉल्व्ह किती फेरे उघडावयाचा, जमिनीत गाडलेला व्हॉल्व्ह कोणत्या आंब्याखाली आहे, हे सारे त्याच्या डोक्यात. मदतनीस जवळ आला की काम थांबते. ‘बोलवाल तेव्हा येईन,’ असे तो म्हणतो आणि अपरात्रीही येतो.

मे महिन्यात तो आजारी पडला. मदतनीसाने पंप चालविला. थांबविताना मात्र टाकीकडील व्हॉल्व्ह आधी हळूहळू मिटावयाचा असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने एकदम कळ बंद केली. चढणीवरील पाणी मागे वळले, परत येणारे पाणी अडविणारी झडप आपटून बसली आणि त्या धक्क्याने वाहिनीचा जुना सांधा फुटला. चार दिवस पाचही वाड्या कोरड्या राहिल्या.

आता ३१ मार्च उलटल्यावर त्या कर्मचाऱ्याचा अहवाल प्रतिवेदन अधिकाऱ्यापुढे येतो. एक मोह असा, की पंप कधी बंद पडला नाही म्हणून ‘उत्कृष्ट’ लिहून मोकळे व्हावे. दुसरा असा, की मेमधील राग काढून ‘सहकार्याची वृत्ती नाही’ एवढेच लिहावे. पहिल्या शेऱ्याने योजनेचा धोका झाकला जातो. दुसरा शेरा स्वभावाविषयी आहे. त्याला पुरावा नाही आणि पुनर्विलोकन अधिकाऱ्यापुढे तो टिकत नाही. दोन्हींची सरासरी काढून ‘चांगला’ म्हणणे हे तर सर्वांत निरुपयोगी, कारण त्यातून कोणालाच काही कळत नाही.

कौशल्याचे श्रेय पूर्ण द्यावे, आणि नोंदींचे काम स्वतंत्रपणे तपासावे. परंतु ते काम त्याला कधी लेखी सोपविले होते काय? एप्रिलमध्ये कार्यवाटपाचे पत्र नसेल, तर पुढच्या मार्चमध्ये त्याची उणीव काढणे न्याय्य नाही. येथे बहुतेक कार्यालये स्वतःच अडकतात. पत्रात मागणीही नेमकी हवी: व्हॉल्व्हचा नकाशा, पंप सुरू व बंद करण्याचा क्रम, रोजचा विद्युतप्रवाह. अशा मोटारीचा प्रवाह साधारणपणे २० ॲम्पियरच्या आसपास असतो. तो नेहमीपेक्षा बराच खाली आला, तर पंप हवा ओढत असल्याची किंवा विहिरीची पातळी उतरल्याची शंका घ्यावी. जाणत्या कानाला जे आवाजावरून कळते, त्यातले बरेचसे नवख्याला या आकड्यावरून कळू शकते. सगळेच कळेल असे नाही. हाताचा अंदाज कागदावर उतरत नाही आणि तेवढ्यासाठी कोणाला दोष देऊ नये.

काम झाले की नाही, हे वहीच्या जाडीवरून ठरवू नये. मदतनीसाने वही उघडून तीन दिवस योजना चालवावी, त्या कर्मचाऱ्याने शेजारी बसून फक्त धोका दिसला तरच बोलावे. तो कितीदा बोलला आणि कशासाठी, हे लिहून ठेवले की अहवालातील वाक्य तयार होते: ‘अमुक तारखेच्या पत्रानुसार नकाशा मागविला, दोन स्मरणपत्रांनंतरही दिला नाही, अमुक तारखेच्या चाचणीत मदतनीसास पंप बंद करण्याचा क्रम माहीत नव्हता.’ देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा, तो चांगला असला तरी, संबंधितास कळविला पाहिजे असे सांगितले. तारखा असलेले वाक्य कळविताना अधिकाऱ्यास संकोच वाटत नाही.

त्याच्या नकाराचे कारणही विचारावे. माहिती दिली की बदली होईल, ही भीती असते. कधी लिहिण्याचाच संकोच असतो. तेव्हा तो बोलेल आणि मदतनीस लिहील, अशी सोय करावी व वहीवर पहिले नाव त्याचे घालावे. कधी नकाशा काढला तर एखादी बेकायदा जोडणी उघडी पडेल, असे असते. तसे असल्यास तो मूल्यमापनाचा नव्हे, चौकशीचा विषय आहे.

पंचायत सदस्यांकडेही थोडे पाहावे लागेल. रात्री पाणी गेले की सरपंच थेट त्याच कर्मचाऱ्याला हाक मारतात आणि मदतनीस घरीच राहतो. पुढच्या वेळी निरोप दोघांनाही जावा आणि पान्हा मदतनीसाच्या हाती असावा.