सत्तेचाळीस अधिक अडतीस



रेवदंड्यात भाषण करायचे म्हणजे आगरकोट, चौलचे बंदर आणि पोर्तुगीज यांच्यापासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. ती मी आज मोडतो. मला फक्त दुसरीच्या वर्गातल्या एका बेरजेबद्दल बोलायचे आहे. सत्तेचाळीस अधिक अडतीस. एवढ्या एका बेरजेत शिकवण्याच्या वेगाचा सगळा प्रश्न मावतो, असे माझे मत आहे.

२०१९ च्या जूनमधला गदारोळ तुम्हाला आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तेचाळीसच्या जोडीला 'चाळीस सात' आले. मग वर्तमानपत्रांपासून विधानसभेपर्यंत थट्टा झाली आणि मराठी बुडाल्याच्या आरोळ्याही उठल्या. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की जुनी नावे काढलेली नाहीत. मूल ऐकते 'सत्ते' आधी आणि 'चाळीस' नंतर. लिहिताना मात्र त्याला चार आधी लिहायचा असतो. त्यात जोडाक्षरांची भर पडते. बाईंचा मुद्दा भाषेच्या अभिमानाचा नव्हता, तो मुलाच्या डोक्यात एका वेळी किती मावते याचा होता. तो मुद्दा वादात कुणी हाती घेतलाच नाही. विरोधकांनी नाही, आणि खरे सांगायचे तर पाठीराख्यांनीही नाही.

तो आज आपण घेऊ.

स्मृतीचे जे प्रारूप डीएड-बीएडला आपण पाठ केले, ते अ‍ॅटकिन्सन आणि शिफ्रिन यांचे, १९६८ सालचे. कानाडोळ्यांवर आलेले क्षणभर टिकते; त्यातले ज्याकडे लक्ष जाते ते अल्पकालीन स्मृतीत येते; घोळवले, अर्थाला जोडले, तर दीर्घकालीन स्मृतीत उतरते. परीक्षेत तीन चौकोन आणि बाण काढून आपण गुण मिळवले. पण वर्गासाठी कामाची दुरुस्ती १९७४ ची आहे. बॅडली आणि हिच यांनी दाखवले, की मधला चौकोन नुसती साठवणीची खोली नाही, तिथेच काम चालते. ऐकलेले शब्द मनात घोळत ठेवणे, पाहिलेले डोळ्यांपुढे धरणे आणि त्यांवर क्रिया करणे, हे सगळे तिथे. म्हणून तिला कार्यकारी स्मृती म्हणायचे. ती लहानशा पाटीसारखी आहे: भरली, की नवे लिहायला जुने पुसावेच लागते, आणि काय पुसले जाईल हे मुलाच्या हातात नसते.

पाटी किती लहान? मिलरने १९५६ मध्ये सातच्या आसपास म्हटले आणि ते सात सर्वांच्या तोंडी बसले. पण घोकायला आणि गटागटाने बांधायला वाव दिला नाही, तर प्रौढ माणूसही एका वेळी चारेकच गोष्टी धरतो, असे कोवानने २००१ मध्ये मांडले. सात वर्षांच्या मुलाचा आकडा याहून लहान. शिवाय मुलामुलांत फरक फार मोठा आहे. गॅदरकोल आणि अ‍ॅलोवे यांनी इंग्लंडच्या शाळांबद्दल लिहिले आहे, की सात-आठ वर्षांच्या तीस मुलांच्या वर्गात निदान तिघांची क्षमता सरासरी चार वर्षांच्या मुलाइतकी असते आणि तिघांची अकरा वर्षांच्या मुलाइतकी. त्या पहिल्या तिघांना शिक्षक 'लक्ष नाही' म्हणतात. लक्ष असते हो, जागा संपलेली असते.

आता बेरजेकडे या. बाई तोंडी सांगतात, "सत्तेचाळीस अधिक अडतीस, उभी मांडणी करा, हातचा विसरू नका." मूल 'सत्तेचाळीस' ऐकते. सात धरून ठेवायचा, चाळीस ऐकायचे, चार आधी लिहायचा, मग धरलेला सात. हे चालू असताना 'अडतीस' येऊन आदळते, आणि त्यात तर आठ ओळखू यायलाही सराव लागतो. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांचा अभ्यास २००९ मध्ये झाला, तेव्हा ऐकून संख्या लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या या उलटापालटीशी संबंधित निघाल्या. नॉर्वेने १९५१ मध्ये बोलण्याचा क्रमच अधिकृतपणे बदलला. आपल्या शेजारी कन्नडमध्ये दशक आधीच बोलतात. म्हणजे हे ओझे मुलाच्या बुद्धीचे नाही, आपल्या संख्यानामांच्या घडणीचे आहे. घरी आगरी किंवा कातकरी बोलणाऱ्या, किंवा पुलापलीकडे कोर्लईत घरात पोर्तुगीज वळणाची क्रिस्ती बोलणाऱ्या मुलाला शाळेच्या मराठीतला उच्चार ओळखण्याचेही काम वेगळे करावे लागते.

समजा, मांडणी बरोबर झाली. आता सात आणि आठ. ज्याला 'पंधरा' लगेच सुचते, त्याच्या पाटीवर एकच अक्षर उमटते. ज्याला सुचत नाही तो बोटे मोजतो: सात मनात, मग आठ, नऊ, दहा… किती बोटे झाली तेही धरायचे, आठ बोटे झाली की थांबायचे तेही धरायचे. या मोजणीत पाच-दहा सेकंद सहज जातात. १९५९ मध्ये पीटरसन दांपत्याने प्रौढांना तीन अक्षरे देऊन लगेच उलटे आकडे मोजायला लावले. अठरा सेकंदांनी ती अक्षरे दहातल्या एखाद्याच वेळी बरोबर आठवत होती. ते प्रौढ होते आणि अक्षरे तीनच होती. आपले मूल मोजणी संपवून 'पंधरा'वर पोचते तेव्हा आपण कुठल्या घरात होतो आणि पुढे काय करायचे, हेच निसटलेले असते. ते पाच लिहिते आणि चार नि तीन सात करून मोकळे होते. उत्तर: पंचाहत्तर. बाई म्हणतात, "हातचा विसरलास ना पुन्हा?" हातचा विसरला हे खरे, पण तो विसरला सात अधिक आठमुळे. हातच्याची आणखी वीस उदाहरणे दिली तरी सात अधिक आठ तिथेच राहतील.

म्हणून माझी विनंती आहे, की नुसती फुली मारू नका, चुकलेले उत्तर वाचा. ७५ आले तर हातचा पाटीवरून पुसला गेला. ७१५ आले तर स्मृतीचा दोष काढू नका. पंधरा एककाच्या घरात पुरे लिहिणाऱ्याला दहा एककांचा एक दशक होतो हेच उमगलेले नाही, त्याला काड्यांच्या जुड्यांकडे परत न्यायला हवे. १२१ आले तर पंधरातला एक खाली लिहून पाच हातचा घेतला. ११२ आले तर सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर झाले, १३० आले तर अडतीसचे त्र्याऐंशी, आणि १५७ आले तर दोन्ही उलटले. या तिघांची बेरीज निर्दोष आहे! ५८ लिहिणाऱ्याने तर सगळे बरोबर करून शेवटी मनात 'पंच्याऐंशी' म्हटले आणि पाच आधी लिहिला. त्याला तोंडी विचारा, बरोबर सांगेल. हे सगळे एका ओळीत 'कच्चे' म्हणून बसवले, की सगळ्यांना पुन्हा तोच धडा, तसाच, फक्त सावकाश शिकवला जातो.

सावकाश बोलणे म्हणजे वेग कमी करणे नव्हे. उलट ताणून बोललेली सूचना जास्त वेळ धरून ठेवावी लागते. वेग ठरतो तो एका वेळी नव्या किती गोष्टी पुढे केल्या यावर. हातच्याच्या पहिल्या दिवशी नवा फक्त हातचा असावा. संख्या फळ्यावर लिहून द्याव्यात, तोंडी सांगू नयेत. एककांच्या जोड्या अशा निवडाव्यात, की ज्यांची उत्तरे मुलांना न मोजता येतात. मी जोडी विचारून मनात तीन सेकंद मोजतो. त्यात बोटे न हलता उत्तर आले तर ती दीर्घकालीन स्मृतीत आहे आणि तिचे ओझे नाही. न आले तर त्या जोड्यांचा सराव हातच्याच्या धड्याच्या आधी, वेगळा. मग फळ्यावर एक उदाहरण पूर्ण सोडवलेले, हातचा दशकाच्या डोक्यावर लिहिलेला, आणि ते तास संपेपर्यंत पुसायचे नाही. त्याच्या शेजारी दुसरे, ज्यात फक्त दशकाची बेरीज करायची राहिली आहे. तिसऱ्यात हातचाही मुलांनी मांडायचा. चौथे पूर्ण त्यांचे. स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताच्या वर्गांत पाहिले, की नवशिक्या मुलांना नुसती उदाहरणे सोडवायला देण्यापेक्षा सोडवलेले उदाहरण अभ्यासायला देणे जास्त लाभते. पण ज्यांना हातचा येतो त्यांना हीच पायरी-पायरी अडथळा होते. त्यांना सोडवलेले उदाहरण वाचायला लावू नका, थेट पुढे जाऊ द्या.

आपल्याकडच्या बऱ्याच शाळा द्विशिक्षकी. एका वर्गाला काम देऊन शिक्षक दुसऱ्या वर्गाकडे वळतो. या वळण्याला आपण अडचण म्हणतो. मला त्यात सोय दिसते, एका अटीवर. वळण्याआधीची सूचना तोंडी असेल तर शिक्षकाने पाठ फिरवताच ती विरते आणि मुले एकमेकांना विचारू लागतात. त्याला आपण गोंगाट म्हणतो. तीच सूचना फळ्यावर असेल तर मुलाला हवा तितका वेळ ती पाहता येते, पाटीवर जागा अडत नाही, आणि मधला वेळ खऱ्या सरावाचा होतो.

कार्यकारी स्मृती वाढवण्याचे खेळ आणि वह्या हल्ली पालकांना विकल्या जातात. अशा सरावाने मुले त्या खेळात तरबेज होतात. गणित किंवा वाचन त्यातून सुधारते याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. शाळेच्या निधीतून ते घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. दिडकी-अडीचकी पाठ असणारी आजोबा-पणजोबांची पिढी हिशेबात चपळ होती ती पाटी मोठी होती म्हणून नव्हे. उत्तरे आधीच साठ्यात होती, पाटीवर काही मांडावेच लागत नव्हते. सगळेच पाढे आता परत आणा असे मी म्हणत नाही. वीसपर्यंतच्या बेरजा मात्र हव्यातच.

आणि ते 'चाळीस सात'? माझा कौल असा. बाजारात, एसटीत, घरी मुलाच्या कानावर सत्तेचाळीसच पडणार, तेव्हा ते शिकवलेच पाहिजे, ऐकून लिहिण्याचा सरावही रोज घेतला पाहिजे. पण तो स्वतंत्र, दिवसाच्या सुरुवातीला, पाच-सहा संख्यांचा. हातचा शिकवतानाच्या तासाला फळ्यासमोर उभे राहून बेधडक 'चाळीस सात' म्हणा. कुणी हसले तर हसू द्या.

दुपारच्या सत्रात तुम्ही आणलेल्या दुसरीच्या वह्या आपण उघडणार आहोत. प्रत्येक गटाने हातच्याच्या बेरजांमधली चुकलेली उत्तरे तेवढी काढावीत आणि मुलाचे नाव न लिहिता तीन ढीग करावेत: ऐकताना-लिहिताना उलटलेली, हातचा निसटलेली, आणि दशकच न कळलेली. चौथा ढीग, ज्यात काहीच लावता येत नाही, तो माझ्याकडे आणावा. त्यातली मुले आपण एकेक उदाहरण तोंडी करायला लावून ऐकायची आहेत, आणि ते काम तुमच्या वर्गांत, सोमवारपासून.