अनुस्वार आणि डाग



परिषदेच्या अध्यक्षाने एखाद्या व्यापक विषयाचा परामर्श घ्यावा असा प्रघात आहे. तो बाजूला ठेवून मी आज एकाच वहीविषयी बोलणार आहे. जुन्या हस्तलिखितांची नक्कल करताना लेखणी उचलण्यापूर्वीच्या टप्प्यावर आपल्या हातून जी चूक सर्रास घडते, ती मला या वहीने शिकविली.

ही वही १९४३ सालची आहे. एका प्राथमिक शिक्षकाने आसपासच्या खेड्यांतील बायकांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या शिसपेन्सिलीने तीत उतरून घेतल्या आहेत. कागद युद्धकाळातला, लाकडाच्या लगद्याचा आणि हलक्या प्रतीचा आहे. वही प्रथम हाती आली तेव्हा पिवळसर तपकिरी पानांवर करड्या रेघांची नुसती सावली दिसत होती, आणि ‘पेन्सिल उडून गेली’ असेच पाहणारा प्रत्येकजण म्हणाला. ते खरे नव्हते. पेन्सिलीतले ग्रॅफाइट हा शुद्ध कार्बन असून उन्हाने वा काळाने तो विटत नाही. पेशवे दप्तरातील रुमालांमधली काजळाची शाई आजही काळीभोर दिसते, त्याचे कारण हेच. शिवाय तिच्याखालचा जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद चिंध्यांचा असल्यामुळे तोही फारसा काळवंडलेला नसतो. लगद्याच्या कागदातील लिग्निन मात्र हवा, प्रकाश आणि आम्ल यांच्या योगाने तपकिरी होत जाते. पेन्सिलीचा थोडा अंश घासला जाऊन पुसला जातो हे खरे, परंतु मुख्य हानी होते ती कागद अक्षरांच्या दिशेने काळा होत गेल्यामुळे. म्हणून अक्षर गडद कसे करावे हा प्रश्नच चुकीचा आहे. अक्षराखालचा पिवळेपणा दूर कसा सारावा, हा खरा प्रश्न होय.

त्याचे उत्तर रंगात सापडते. पिवळा कागद निळा प्रकाश शोषतो आणि लाल प्रकाश परत पाठवितो, तर ग्रॅफाइट सर्व रंगांना जवळजवळ सारखेच गिळते. पान रंगीत स्कॅन करून त्याचे लाल, हिरवे आणि निळे चॅनेल वेगळे केले की हा भेद आकड्यांत मोजता येतो. या वहीच्या एका पानावर, शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा या मोजणीने, निळ्या चॅनेलमध्ये कागद १२८ आणि रेघ १०७ होती. लाल चॅनेलमध्ये कागद २०५ आणि रेघ १७०. तीच रेघ आणि तोच कागद, परंतु एकवीसाचे अंतर पस्तीसावर गेले, आणि कागदावरील तपकिरी ठिपके, जे निळ्यात अक्षरांइतकेच काळे दिसत होते, ते लालमध्ये बव्हंशी विरून गेले. सुरुवातीलाच ‘कृष्णधवल’ हा पर्याय निवडून स्कॅन करणारा मनुष्य हा भेद कायमचा गमावून बसतो. इंचाला ६०० बिंदू, पूर्ण रंगीत, यंत्राची आपोआप धार काढण्याची सोय बंद, आणि फाइल टिफ स्वरूपात, एवढा दंडक मी आता कटाक्षाने पाळतो. जेपेग फाइलमध्ये आठ गुणिले आठ पिक्सेलचे चौकोन पाडून चित्र संक्षिप्त केलेले असते. साध्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण पुढे उठाव वाढविला की फिक्या अक्षरांभोवती तेच चौकोन आणि खोटे ठिपके वर येतात.

(पेन्सिल तांबूस जांभळी दिसत असेल, तर ती ‘कॉपिंग पेन्सिल’ असण्याचा संभव आहे. तिच्यात जांभळा रंग मिसळलेला असतो आणि तो उन्हाने खरोखरच विटतो. तिथे लाल नव्हे, हिरवे चॅनेल कामास येते. अशा पानाला चुकूनही ओला हात लागू देऊ नये.)

लाल चॅनेल मिळाले म्हणजे काम संपले असे वाटते, आणि उंबरठा लावण्याचा मोह होतो. उंबरठा म्हणजे एक आकडा: त्याच्या खालचा प्रत्येक पिक्सेल काळा आणि वरचा पांढरा. आमच्या वहीत पानाच्या मध्यभागी कागद २०५ व रेघ १७० होती हे मी सांगितले. परंतु हवेशी अधिक संबंध आलेल्या कडेपाशी कागद १६० वर उतरला होता आणि रेघ १३३ वर. मधली रेघ टिपायची तर उंबरठा १७० च्या वर हवा, आणि कडेचा कागद पांढरा राखायचा तर तो १६० च्या खाली हवा. एकच आकडा दोन्ही साधू शकत नाही. यंत्राला स्वतःच आकडा शोधू द्यावा तरी उपयोग नाही. ओत्सु यांनी १९७९ मध्ये मांडलेली प्रसिद्ध पद्धत पिक्सेलच्या आलेखात एक गडद आणि एक उजळ असे दोन गट गृहीत धरते. विरळ पेन्सिलीच्या पानावर अक्षरांनी व्यापलेला भाग इतका थोडा असतो की कागदाची एकच टेकडी दिसते. मग यंत्र त्या टेकडीलाच मधोमध कापते आणि अर्धे पान काळे करून देते.

म्हणून आधी पान सपाट करावे लागते. लाल चॅनेलची एक प्रत घेऊन ती इतकी धूसर करावयाची की अक्षरे पूर्णपणे विरून केवळ कागदाची छटा उरावी. ६०० बिंदूंच्या स्कॅनमध्ये चार मिलिमीटर उंचीचे अक्षर सुमारे ९५ पिक्सेलचे असते, तेव्हा धूसर करण्याची व्याप्ती त्याच्या दुपटीहून कमी नसावी. मग मूळ चित्राला या धूसर चित्राने भागावे आणि येणाऱ्या गुणोत्तराला २४० ने गुणावे. वजा करू नये, कारण काळवंडलेल्या जागी रेघेचे अंतरही त्याच प्रमाणात आकुंचन पावलेले असते: २०५ ला १७० आणि १६० ला १३३, दोन्हीकडे गुणोत्तर ०.८३ च आहे. भागाकारानंतर कागद सर्वत्र २४० च्या आसपास आणि रेघ सर्वत्र १९९ च्या आसपास येऊन बसली. मग उठाव वाढवावा. आम्ही १७० ला काळा आणि २३५ ला पांढरा ठरवून मधला पल्ला ताणला. कागद २५५ झाला आणि रेघ ११४ वर आली. ज्या पानावर सावली होती, तिथे लिखाण वाचता येऊ लागले.

यानंतरच्या टप्प्यावर आमचा घात झाला, आणि तो माझ्या निर्णयाने झाला. करड्या चित्रावरून नक्कल करण्याऐवजी, मदतनिसांच्या सोयीसाठी, मी निव्वळ काळीपांढरी प्रत करावयास सांगितले आणि प्रत्येक पिक्सेलच्या परिसरानुसार उंबरठा बदलणारी सौव्होला यांची पद्धत वापरली. ती छापील वा शाईच्या पानांवर उत्तम चालते, पण परिसरात फरक थोडा असला की तो कोरा कागद समजून ती उंबरठा खाली नेते. तिच्या सूत्रातला गुणांक आम्ही प्रचारातला, ०.३४ ठेवला, आणि तीही उठाव न वाढविलेल्या चित्रावर चालविली. सरासरी २३६ आणि प्रमाण विचलन १० असलेल्या ठिकाणी तिने उंबरठा १६२ वर नेला. आमची रेघ १९९ वर होती, म्हणजे ती कागदातच जमा झाली. दाबून लिहिलेली अक्षरे तेवढी राहिली आणि हलक्या हाताच्या खुणा गेल्या. गुणांक ०.१ केला असता तर उंबरठा २१४ वर राहून रेघ वाचली असती, हे गणित मी पुढे, फार उशिरा केले. शिवाय त्या काळ्यापांढऱ्या प्रतीवर ‘धूळ’ काढण्यासाठी ठरावीक मापाहून लहान ठिपके पुसणारी सोयही चालविली गेली.

हलक्या हाताच्या खुणांत मराठीत सर्वांत हलकी कोणती, तर अनुस्वार. अर्ध्या मिलिमीटरचा तो बिंदू ६०० च्या स्कॅनमध्ये बारा पिक्सेल रुंद असतो, आणि फिका असला तर त्यातला निम्माच उंबरठ्याखाली येतो. ही वही मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखन नियम येण्यापूर्वीची. शिक्षक जुन्या रीतीने ‘नाहीं’, ‘तें’, ‘घरीं’ असे काटेकोर लिहिणारे. एका ओवीत त्यांनी ‘तीं आलीं’ असे लिहिले होते. आमच्या नकलेत ‘ती आली’ असे आले. पहिल्यात लेकरे, वासरे, नपुंसकलिंगी अनेकवचन येते. दुसऱ्यात एक बाई येते. माहेरी येणाऱ्या लेकीचा उल्लेख समजून मी त्यावर टीपही लिहिली. मूळ पान पुन्हा भिंगाखाली धरले तेव्हा दोन्ही शब्दांवर बिंदू स्पष्ट होते, आणि लागून आलेल्या ओळींतली गाईगुरे पाहता माझी टीप साफ निराधार ठरली. आणखी वाईट असे की शब्द शुद्धच दिसत होते. ‘नाहीं’चे ‘नाही’ झाले, ‘घरीं’चे ‘घरी’ झाले, आणि १९४३ च्या वहीचे शुद्धलेखन आम्हांला नकळत आजचे झाले, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही.

उलट दिशेनेही तसेच होते. तपकिरी ठिपका नेमका शिरोरेघेवर पडला की काळ्यापांढऱ्या प्रतीत त्याचा अनुस्वार होतो. येथे रंगीत स्कॅन पुराव्यासारखे उपयोगी पडते: शंकास्पद बिंदू लाल आणि निळ्या चॅनेलमध्ये एकापाठोपाठ पाहावा. निळ्यात काळा आणि लालमध्ये जवळजवळ नाहीसा, तर तो डाग. दोन्हींत टिकला तर ग्रॅफाइट. या कसोटीची मर्यादाही आहे. मिटलेल्या वहीत समोरच्या पानाची पेन्सिल उमटते, आणि तीही ग्रॅफाइटच असल्यामुळे रंग तिला ओळखू शकत नाही. तेव्हा समोरच्या पानाचे चित्र आरशासारखे उलटवून या पानावर ठेवावे. बिंदू त्याच्याशी जुळला, तर तो उसना आहे. तरीही निर्णय होत नसेल तर पान तिरप्या दिव्याखाली धरावे. लिहिताना टोकाने कागद दाबला असेल तर खळगी दिसते. उमटलेल्या बिंदूला खळगी नसते.

आपणांपैकी ज्यांच्याकडे अशा वह्या आहेत, त्यांना माझी विनंती आहे की नक्कल करड्या चित्रावरूनच करावी, आणि काळीपांढरी प्रत केवळ ओळ सापडण्यासाठी शेजारी ठेवावी. मूळ रंगीत फाइल, कोणते चॅनेल घेतले, किती धूसर केले आणि उंबरठा कोठे ठेवला याची टाचण नकलेच्या पहिल्या पानावर नोंदवावी, म्हणजे मागाहून येणाऱ्याला आपल्या निर्णयाची रुजवात घेता येईल. ज्या बिंदूविषयी निश्चय होत नाही, तो गाळू नये आणि घालूही नये, चौकोनी कंसात दाखवावा. आमच्या वहीची दुसरी नक्कल आता पूर्ण झाली आहे, आणि तिच्यात असे एकोणीस कंस अजून तसेच आहेत.