गणित एक, आकडे तीस
(मंडळाच्या पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी बरेच जण शाळेत किंवा घरी मुलांना शिकवतात. तीस मुलांना एकच गणित दिलं, की एकाचं उत्तर रात्रीतून सगळ्यांकडे पोचतं. "एकमेकांना विचारू नका" हे सांगणं मला पटत नाही. मुलं बोलूनच शिकतात. म्हणून गणित एकच ठेवावं आणि आकडे प्रत्येकाला वेगळे द्यावेत. मग मित्राकडून रीत मिळते, उत्तर मिळत नाही.

हे गणित घ्या: मोटार अमुक वेगाने चालली आहे. एकसारखा ब्रेक लावल्यावर ती अमुक सेकंदांत थांबते. तेवढ्यात ती किती अंतर जाईल?

स्प्रेडशीटमध्ये आधी सुचतं ते `RANDBETWEEN`. पण शीटमध्ये कुठेही काही टाइप केलं की ते नवे आकडे काढतं. छापलेला कागद एक सांगतो आणि तपासताना पडद्यावर भलतंच! त्यापेक्षा हजेरी क्रमांकालाच कामाला लावा. A कॉलममध्ये १ ते ३० क्रमांक लिहा आणि पुढे हे:

```
B2: =12+2*MOD(A2,7)
C2: =3+MOD(A2,5)
D2: =B2*C2/2
```

`MOD` म्हणजे भागाकाराची बाकी. B मध्ये वेग येतो, C मध्ये सेकंद आणि D मध्ये उत्तर. तिन्ही फॉर्म्युले खाली ओढले की झालं. आठव्या क्रमांकाला सेकंदाला १४ मीटर वेग आणि ६ सेकंद मिळतात; उत्तर ४२ मीटर. उद्या फाइल उघडली तरी तेच.

७ आणि ५ यांना सामाईक भाजक नाही, म्हणून ३५ मुलांपर्यंत आकड्यांची जोडी पुन्हा येत नाही. दोन्हीकडे ५ घेतले असते, तर १, ६ आणि ११ या क्रमांकांना तंतोतंत एकच गणित गेलं असतं. वेग नेहमी सम आहे, त्यामुळे उत्तरात अपूर्णांक येत नाही. आणि २४ चा वेग ३ सेकंदांत थांबवणं कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरला जेमतेम जमतं. आकडे याहून ताणले, तर गणित सुटेल पण मोटार खोटी ठरेल.

आणखी एक कॉलम जरूर ठेवा:

```
E2: =B2*C2
```

मुलाचं उत्तर E शी जुळलं, तर ते सरासरी वेग घ्यायला विसरलं आहे. तेवढंच पुन्हा समजावा.

उत्तर दुसऱ्याच्या ओळीतल्या D शी जुळलं, तर नक्कल असू शकते. पण लगेच रागावू नका. आकडे वेगळे असले तरी उत्तरं कधी सारखी येतात: २१ व्या क्रमांकाला १२ आणि ४, ३० व्याला १६ आणि ३, दोघांचंही उत्तर २४ मीटर, आणि दोघंही बरोबर! म्हणून आधी त्या मुलाची स्वतःची ओळ पाहा, मग बोला.