एक ओढणी, आठ जोड्या

जानेवारीत पुण्यातली बरीच मंडळी इंदूर, उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा आठवड्याच्या सहलीला निघतात. विमानाने गेलात तर हातातल्या बॅगेला साधारण सात किलोची मर्यादा. रेल्वेने गेलात तर वजन सहसा कुणी करत नाही, पण ओंकारेश्वरला पूल चालताना आणि घाटाच्या पायऱ्या उतरताना ते आपलं आपल्यालाच कळतं. तेव्हा एका लहान बॅगेत आठवडा कसा बसवायचा, ते एका बाईच्या बॅगेवरून पाहू.

आपण आधी आवडते कुर्ते काढतो आणि मग प्रत्येकाला सलवार-ओढणी शोधत बसतो. सात दिवसांचे सात संच होतात ते इथेच. सुरुवात ओढणीपासून करा. समजा, तुमच्याकडे अजरखची ओढणी आहे. तिच्यात गडद निळा, विटकरी लाल, काळा आणि पांढरा असे चार रंग आधीच एकमेकांशी जुळवून छापलेले असतात. आपले कपडे त्यांच्याच नात्यातले निवडायचे. खाली दोनच वस्तू : एक गडद निळी सलवार, एक काळी पॅन्ट. वर चार कुर्ते : मरून, राखाडी, फिका निळा, आणि मोतिया रंगावर बारीक निळी बुट्टी. प्रत्येक कुर्ता दोन्हींवर चालतो, म्हणजे आठ जोड्या झाल्या. बुट्टीच्या कुर्त्यावर मात्र छापील ओढणी गर्दी करते, म्हणून सोबत एक साधी मरून ओढणी ठेवा. छापील कुर्ता एकच घ्यायचा तोही याचसाठी.

गडद निळ्या सलवारीवर गडद निळा कुर्ता मी मुद्दाम घेतला नाही. वेगवेगळ्या दुकानांतले दोन गडद निळे घरात ट्यूबलाइटखाली सख्खे भाऊ वाटतात, आणि उन्हात एक जांभळट निघतो. मोतिया आणि शुभ्र एकत्र घातले तर मोतिया मळका दिसतो. म्हणून वरचा आणि खालचा कपडा एकाच ताग्यातले असावेत, नाहीतर त्यांच्यात स्पष्ट फरक असावा. लक्ष्मी रोडवर खरेदीला जाताना ओढणी पिशवीत न्या आणि कुर्ता दुकानाच्या दारात, उजेडात धरून बघा. दुकानदाराच्या कपाळाला आठी पडेल. पडू द्या!

चार कुर्त्यांत सात दिवस काढायचे म्हणजे धुणं आलं. त्यासाठी दोन रात्री मुक्काम असेल ते गाव निवडा आणि पोचल्या संध्याकाळीच धुवा. कुर्ता पिळला की कोरड्या टॉवेलवर पसरायचा, टॉवेलसकट गुंडाळायचा आणि वरून दाबायचा. बरंचसं पाणी टॉवेल ओढून घेतो. मग पंख्याखाली पातळ सुती कुर्ता बहुधा सकाळपर्यंत वाळतो. सलवारीचा नेफा मात्र सगळ्यात शेवटी वाळतो. त्याला हाताची मागची बाजू लावून बघा, गार लागला तर आत ओल आहे. तसाच बॅगेत कोंबलात तर दुसऱ्या दिवशी सगळ्या कपड्यांना कुबट वास येईल. जीन्स याच कारणाने घरी ठेवायची : तिचं वजन कुर्त्यापेक्षा कितीतरी जास्त आणि ती एका रात्रीत वाळत नाही.

निघण्यापूर्वी आणखी एक परीक्षा. ओला पांढरा रुमाल मरून कुर्त्याच्या आतल्या शिवणीवर घासा. रुमाल रंगला तर तो कुर्ता मोतियाच्या शेजारी भिजू शकत नाही. अजरखची ओढणी नवी असेल तर तीही घरीच एक-दोनदा साध्या पाण्यात वेगळी धुऊन घ्या.

साडी नेसणाऱ्यांनी एकच हलकी, गडद साडी ठेवावी. उज्जैनला भस्मआरतीसाठी साडी जवळ असलेली बरी. ब्लाउज मरून, आणि परकराऐवजी खाली तीच काळी पॅन्ट. कुर्ते गुंडाळून तळाशी भरावेत, साडी घडी घालून सगळ्यात वर. स्वेटर काळा आणि तो अंगावर, बूटही पायात. बॅगेत फक्त चपला. पुरुषांचा हिशेब याहून सोपा, त्यांना ओढणी नाही. पण एका चौकड्यांच्या शर्टातून रंग काढले तर त्यांचंही जमतं.

बॅगेत हातभर जागा मात्र रिकामी सोडा, कारण महेश्वरला माहेश्वरी साडी घेतल्यावाचून कोण परतणार? तिच्या काठाला बुगडी म्हणतात आणि तो दोन्ही बाजूंनी सारखा शोभतो. म्हणजे एकाच साडीला दोन बाजू मिळतात. रंग निवडताना अंगावरची ओढणी तिच्याशेजारी धरा. ओढणीतल्या लाल-काळ्याशी जुळणारी मिळाली तर जवळचं मरून ब्लाउज तिच्यावर तिथेच चालेल. सोबतचा ब्लाउजपीस पुण्याला येऊन शिंप्याकडे टाकता येईल.