रविवारी धावणार, मग शनिवारी काय खाल?



समजा, रविवारी सकाळी तुम्ही साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला उभे आहात.
पहिलीच वेळ. समोर यवतेश्वरचा घाट.

शनिवारी रात्री काय होतं?
मित्र म्हणतात, "खा, उद्या पळायचंय!"
मग पुलाव, वर गुलाबजाम, तेही दहा वाजता.
सकाळी पोट जड, आणि नजर शौचालयाच्या रांगेकडे.

कर्बोदकं वाढवायची ती दिवसभरात.
एका रात्रीत नव्हे.

ती स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतात.
हा साठा हळूहळू भरतो.

किती खायचं?
वजनाच्या दर किलोमागे साधारण 7 ग्रॅम.
साठ किलोच्या माणसाला सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास.
घाबरू नका. पोळी-भात खाणाऱ्या घरात यातलं बरंचसं रोजच पोटात जातं.
वरची भर म्हणजे दोन वाट्या भात, दोन केळी, एक ग्लास सरबत.
बस्स.

भात वाढवला, की तूप, तळण कमी करा.
मटकीची उसळ, कोशिंबीर त्या दिवशी बाजूला.
एरवी त्या उत्तमच, पण चोथा घाटात त्रास देतो.

रविवारी वजन थोडं वाढलेलं दिसेल.
ते पाणी आहे. ग्लायकोजेन पाणी धरून ठेवतं.
म्हणून वजन पाहून न्याहारी टाळू नका.
धावण्याआधी दोन-तीन तास, गूळ लावलेली पोळी किंवा केळं.

मधुमेह असेल, तर हे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आणि पुन्हा सांगते,
भर दिवसभरात, रात्रीचं जेवण हलकं, आठच्या आत.