सेंट्रिंगचं बिल: भाडं, किमान आकार आणि डिपॉझिट

साकोलीच्या एका सेंट्रिंगवाल्या दुकानासाठी मी बिलाचं सॉफ्टवेअर लिहिलं. कोड छोटासाच आहे. भांडण होतं ते माल परत येतो त्या दिवशी, म्हणून आज एकच बिल शेवटपर्यंत सोडवू. दर उदाहरणापुरते धरलेत, तुमच्याकडे वेगळे असतील.

घर 900 चौरस फुटांचं. तीन बाय दोनची प्लेट सहा चौरस फूट झाकते, म्हणून 150 प्लेटा, दर रोज 2 रुपये. सोबत 80 जॅक, म्हणजे लोखंडी टेकू, रोज 3 रुपये. आणि काँक्रीट दाबायचा व्हायब्रेटर, रोज 400 रुपये, किमान दोन दिवसांचं भाडं. प्लेटा-जॅकना किमान दहा दिवस. डिपॉझिट 10,000.

माल 3 मार्चला गेला, स्लॅब 7 मार्चला पडला. आता सगळा माल एकदम परत येत नाही, आणि त्याला कारण आहे. आयएस 456 मध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान 7 दिवस ठेवायला सांगितलेत, सहा मीटरपेक्षा लांब बीमचे 21 दिवस. हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटचे. पीपीसी वापरलं की मुदत वाढवावी लागते, म्हणून ठेकेदाराने स्लॅबचे टेकू 14 दिवस ठेवले. प्लेटा आणि 60 जॅक 21 मार्चला आले. हॉलच्या लांब बीमखालचे 20 जॅक 28 मार्चला.

आता दिवस मोजा. नेल्याचा दिवस धरायचा, परतीचा नाही, असं चलानवर आधीच लिहिलेलं हवं. नाहीतर प्रत्येक परतीला एका दिवसाचा वाद ठरलेला. या हिशेबाने 21 तारखेपर्यंत 18 दिवस, 28 पर्यंत 25.

```
rent = qty * rate * max(days, min_days)
```

ही ओळ संपूर्ण बिलाला नाही, प्रत्येक परतीला वेगळी लावायची. प्लेटा 150 × 2 × 18 म्हणजे 5,400. साठ जॅक 3,240. वीस जॅक 1,500. व्हायब्रेटर एकच दिवस चालला, पण किमान दोन दिवस, म्हणून 800. इथे बरेच जण 400 भाडं आणि वर 800 किमान, असे 1,200 लावतात. ते चूक. किमान आकार भाड्यावर चढत नाही. भाडं त्याच्या खाली जात नाही, एवढंच. एकूण भाडं 10,940.

दुकान नोंदणीकृत असेल तर यावर 18 टक्के जीएसटी, 1,969 रुपये 20 पैसे. बेरीज 12,909.20.

आता नुकसान. दोन प्लेटा हरवल्या, 900 प्रमाणे 1,800. पाच वाकल्या, सरळ करायला 100 प्रमाणे 500. एकूण 2,300. लक्षात घ्या, हरवलेल्या प्लेटांचं भाडं 21 तारखेला थांबलं पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये ‘हरवली’ अशी नोंद आणि तिची तारीख नसेल, तर प्लेट ‘बाहेर’च दिसते आणि भाडं रोज वाढत राहतं. मग गिऱ्हाईक प्लेटीची किंमतही देतो आणि भाडंही.

ही रक्कम भाड्याच्या ओळीत मिसळू नका. सीबीआयसीच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाप्रमाणे, करार मोडल्याची किंवा नुकसानीची निव्वळ भरपाई हा सेवेचा मोबदला नसतो. भाड्यात मिसळली की तिच्यावरही कर लागतो, आणि तो गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो.

डिपॉझिटचंही तसंच. सीजीएसटी कायद्याच्या कलम 2(31) प्रमाणे डिपॉझिट भाड्यात वळवेपर्यंत तो मोबदला नाही. म्हणून घेताना बिल नाही, साधी पावती द्यायची, आणि ती रक्कम विक्रीत दाखवायची नाही.

शेवटचा हिशेब असा: 12,909.20 अधिक 2,300, झाले 15,209.20. त्यातून डिपॉझिटचे 10,000 वजा. गिऱ्हाइकाकडून येणे 5,209.20. डिपॉझिट कराच्या खाली वजा होतं. कराआधी वजा केलं तर 940 वरच कर लागेल आणि सरकारचे 1,800 कमी पडतील.

तेव्हा बिल कोणतंही घ्या, आधी बघा: भाडं, नुकसान आणि डिपॉझिट तीन वेगळ्या ओळींत आहेत का, आणि प्रत्येक परतीची तारीख लिहिली आहे का. वाकलेली प्लेट मात्र परतीच्या दिवशी दोघांनी समोरासमोर मोजायची, चलानवर सही करायची. ते काम सॉफ्टवेअर करत नाही.